एप्रिलची विक्री फेब्रुवारीत कशी गेली?

प्रश्न : एप्रिल ते जून ही पहिली तिमाही धरायची की दुसरी?

आर्थिक वर्षाची पहिली. जानेवारी ते मार्च ही चौथी.

प्रश्न : एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये Quarters निवडलं की जानेवारी-मार्चला Qtr1 येतं. हे सेटिंग कुठे बदलायचं?

असं सेटिंग नाही. पिव्होटचं ग्रुपिंग कॅलेंडर वर्षानेच चालतं. मूळ तक्त्यातच दोन कॉलम वाढवा. तारीख A2 मध्ये आहे असं धरून, वर्षासाठी :

```
=YEAR(EDATE(A2,-3))&"-"&RIGHT(YEAR(EDATE(A2,-3))+1,2)
```

आणि तिमाहीसाठी :

```
="Q"&ROUNDUP(MONTH(EDATE(A2,-3))/3,0)
```

EDATE तारीख तीन महिने मागे नेतं, म्हणजे एप्रिलचा जानेवारी होतो आणि पुढचं गणित सरळ जमतं. 15 फेब्रुवारी 2025 ची विक्री 2024-25 मध्ये, Q4 ला पडेल. मग पिव्होटच्या Rows मध्ये तारखेऐवजी हे दोन कॉलम ओढा.

प्रश्न : मित्राने सांगितलं, तारखेतून सरळ 90 दिवस वजा करा, तेच होतं. बरोबर आहे का?

नाही. ही युक्ती व्हॉट्सअॅपवरून फिरते आहे आणि दर महिन्याला कोणीतरी ती घेऊन येतं. 30 जूनमधून 90 दिवस काढले की 1 एप्रिल येतो, म्हणजे पहिल्या तिमाहीचा शेवटचा दिवस दुसऱ्या तिमाहीत गेला. लीप वर्षात तर 31 मार्च 2024 मधून 1 जानेवारी 2024 निघतो आणि वर्षअखेरची सगळी बिलं नव्या वर्षात जाऊन बसतात. आमच्या सांगलीत बेदाण्याच्या ऐन हंगामातला दिवस आहे तो! महिने मागे न्या, दिवस नाही.

प्रश्न : सूत्रं बरोबर आहेत, तरी एप्रिलची बेरीज अकाउंटंटच्या आकड्याशी जुळत नाही. बरेच ठिकाणी #VALUE! येत होतं, त्या ओळी मी काढून टाकल्या. अजून काय चुकतंय?

त्या ओळी आधी परत आणा. तुमची खरीखुरी विक्री होती ती.

सांगलीत आजवर ज्यांनी ज्यांनी मला अशी फाइल दाखवली, त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं हेच निघालं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून CSV काढली जाते, तिच्यात तारीख 02/04/2025 अशी, आपल्या पद्धतीने. पण संगणकाचं Region अमेरिकेचं असेल तर एक्सेल आधी महिना वाचतं. 2 एप्रिलची 4 फेब्रुवारी होते आणि ते बिल मागच्या वर्षाच्या Q4 मध्ये जातं. 13 तारखेपासून पुढे तेरावा महिना नसल्याने एक्सेल तारीख ओळखतच नाही, ती नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहते. तिथेच तुम्हाला #VALUE! दिसलं.

#VALUE! निदान दिसतं तरी. मला धास्ती वाटते ती 1 ते 12 तारखांची, कारण तिथे चूक असूनही सगळं सुरळीत दिसतं. मार्केट यार्डातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याची फक्त एप्रिल 2025 ची फाइल मी उघडली, तर तिच्यात 2024-25 सुद्धा हजर होतं. 1, 2 आणि 3 एप्रिलची बिलं 4 जानेवारी, 4 फेब्रुवारी आणि 4 मार्च होऊन बसली होती. 5 एप्रिलचं बिल 4 मे झालं होतं, पण तिमाही तीच राहिल्याने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून तिमाही जुळली एवढ्यावर थांबू नका, महिनावार बेरीजही ताडून पाहा.

तपासायला तारखांच्या कॉलमवर =MIN(A:A) आणि =MAX(A:A) लावा आणि उत्तरांना तारखेचा फॉरमॅट द्या. फाइलच्या कालावधीबाहेरची तारीख आली की उलटापालट झालीच समजा. बिघडलेल्या तारखा हाताने दुरुस्त करत बसू नका, कुठली उलटली आणि कुठली नाही हे नंतर कळत नाही. CSV पुन्हा काढा, फाइलच्या नावात .csv च्या जागी .txt करा आणि ती एक्सेलमधून उघडा. दुसऱ्या पायरीवर Comma, तिसरीवर तारखेचा कॉलम निवडून Date: DMY. या फाइलवरून विवरणपत्र आधीच भरलं असेल, तर आजच सीएंना दाखवा. पुढच्या तिमाहीची वाट पाहू नका.

प्रश्न : एक जण ‘आर्थिक वर्ष स्पेशल’ एक्सेल शीट 1500 रुपयांना देतोय. घेऊ का?

वरची दोन सूत्रं फुकट आहेत. तरी घ्यायचीच असेल तर आधी त्याच्यासमोर 31 मार्च 2024, 1 एप्रिल 2024 आणि 30 जून 2025 या तारखा टाकून बघा. 2023-24 Q4, 2024-25 Q1 आणि 2025-26 Q1 अशी उत्तरं आली नाहीत तर पैसे देऊ नका.

प्रश्न : माल आणि बिल मार्चचं, पैसे मेमध्ये आले. कुठल्या वर्षात धरू?

तुमची वही उधारीची विक्री बिलाच्या तारखेलाच धरत असेल तर मार्चमध्ये, म्हणजे Q4 ला. रोख आल्यावरच नोंद करण्याची पद्धत असेल तर उत्तर बदलतं. कुठली पद्धत लागू आहे ते सीएंना विचारून मगच तारखेचा कॉलम ठरवा.