मेगापिक्सेल, एचडीआर आणि रॉ: सेटिंग बदलण्याआधी

लग्नसराई संपली की फोनच्या कॅमेऱ्याविषयीच्या पत्रांचा गठ्ठा येतो आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच असतात. या वेळी एकत्रच उत्तरे देतो.

प्रश्न: फोटोच्या कडांचे प्रमाण ३:४ ठेवू, १६:९ की फुल?

३:४. बाकीचे दोन्ही त्याच फोटोच्या कडा कापून तयार होतात, आणि ते काम नंतरही करता येते.

प्रश्न: दोनशे मेगापिक्सेलचा फोन घेतला. बहिणीच्या संगीताला मुद्दाम सगळे फोटो २०० वर काढले. निम्मे हललेले, धूसर झालेले आणि फोन भरला तो वेगळाच. फोन खराब आहे का?

फोन बहुधा ठीक आहे. दुकानदाराने तुम्हाला खोक्यावरचा आकडा विकला, पण तो केव्हा वापरायचा हे काही सांगितले नाही.

असा फोन एरवी १२ मेगापिक्सेलचे फोटो देतो, ते उगाच नाही. त्याच्या सेन्सरवर शेजारशेजारच्या सोळा पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते, आणि त्या सोळांचा उजेड एकत्र मोजून एक मोठा पिक्सेल तयार होतो. २०० भागिले १६, म्हणजे साडेबारा. तुम्ही २०० निवडता तेव्हा फोन ही बेरीज सोडून देतो. मग प्रत्येक बारक्या पिक्सेलच्या वाट्याला उजेड अगदी थोडा येतो, आणि त्याच्या जागी नेमका कोणता रंग होता याचा फोनला शेजाऱ्यांवरून अंदाज बांधावा लागतो. भर उन्हात हा अंदाज बरा जमतो. हॉलच्या पिवळ्या दिव्यांत जमत नाही. शिवाय अंधारात फोन एकामागून एक फ्रेम घेऊन फोटोवर दिसणारे बारीक दाणे कमी करतो. ती सोय बऱ्याच फोनमध्ये पूर्ण रिझोल्यूशनला मिळत नाही किंवा अर्धवट मिळते. एक फोटो साठवायलाही वेळ लागतो, तोवर नाचणारी मंडळी पुढच्या ठेक्यावर गेलेली असतात.

भिंगाची मर्यादा तर कोणी सांगतच नाही. या सेन्सरवरचा एक पिक्सेल सुमारे ०.६ मायक्रॉनचा असतो. एफ १.७ चे भिंग अगदी निर्दोष धरले, तरी हिरव्या उजेडाचा त्यातून पडणारा सर्वांत बारीक ठिपका सुमारे २.३ मायक्रॉनचा होतो. एकाच ठिपक्याखाली कितीतरी पिक्सेल झाकले जातात. त्यामुळे १२ च्या सोळापट तपशील २०० मध्ये येणे शक्यच नाही. थोडा जास्त येतो, तोही चांगल्या उजेडात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पाहा. दुपारी खिडकीजवळ पैठणी पसरा, फोन डब्याला टेकवून ठेवा आणि टायमर लावून एक फोटो १२ वर, एक २०० वर काढा. दोन्हींत काठावरचा एकच मोर सारख्याच आकाराचा दिसेल इतके मोठे करा. २०० मध्ये जरीचा धागा थोडा सुटा दिसेल. आता पडदे ओढून ट्यूबलाइटखाली तेच करा. या वेळी २०० मधला मोर बहुधा दाणेदार किंवा मेणासारखा गुळगुळीत झालेला असेल.

तेव्हा २०० कधी? उजेड भरपूर, समोरचे स्थिर, फोन टेकवलेला आणि नंतर फोटोचा एखादा तुकडा कापून घ्यायचा असेल तेव्हा. संगीताला नाही. १२ वर, टेकवून, भर उजेडातही फोटो धूसर येत असेल, तर मात्र फोकसमध्ये दोष असू शकतो. अधिकृत सेवा केंद्रात दाखवा. आणि हा प्रयोग कार्याच्या आठवडाभर आधी करायचा असतो, नंतर नव्हे.

प्रश्न: साखरपुड्याच्या फोटोचा तीन बाय दोन फुटांचा प्रिंट हवा आहे. फ्लेक्सवाला म्हणतो, १२ मेगापिक्सेल चालणार नाही.

चालेल. १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल. तीन फूट म्हणजे ३६ इंच, तेव्हा इंचाला १११ ठिपके पडतात. भिंतीवर चार-पाच फुटांवरून पाहायच्या फोटोला तेवढे पुरतात. (कडेचे प्रमाण जुळवायला थोडे कापावे लागेल.) फ्लेक्सवाल्याचे म्हणणे खरे ठरते ते तुम्ही फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर. तिथे लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते, म्हणजे इंचाला जेमतेम ४४. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑर्डर देण्याआधी किती पिक्सेलची फाइल हवी ते लॅबला विचारा आणि चेहऱ्याचा एक छोटा तुकडा त्याच मापात छापून मागा.

प्रश्न: एचडीआर कायम चालू ठेवला तर चेहरे सपाट दिसतात आणि बंद केला तर मागचे आकाश पांढरे पडते. करायचे काय?

ऑटोवर ठेवा. एचडीआरमध्ये फोन झटपट अनेक फ्रेम घेतो, अंधाऱ्या फ्रेममधले आकाश आणि उजळ फ्रेममधले चेहरे उचलून जोडतो. माणूस खिडकीकडे पाठ करून बसला असेल, तर एचडीआरशिवाय गत्यंतर नाही. पण ढगाळ दिवशी अंगणात सगळीकडे सारखाच उजेड असतो. तिथे सावल्या उगाच उचलल्या जातात आणि चेहऱ्याचा उठाव जातो. फुगडी घालणाऱ्या मुली, पळणारे पोर यांच्या फोटोत बोटे आणि ओढणीची कड नीट पाहा. दुहेरी रेघ किंवा फिकट सावली दिसली तर फ्रेम जुळल्या नाहीत असे समजा. काही फोनमध्ये आता एचडीआर बंद करायचे बटणच नाही. तिथे आकाशावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

अलीकडच्या बऱ्याच फोनवर एचडीआर फोटो उघडताच क्षणभरात झगमगून उजळतो. ती करामत पडद्याची आहे. कागदावर ती येत नाही, जुन्या फोनवरही नाही. अल्बमची निवड पडद्यावरून करू नका, आधी एक चार बाय सहाचा प्रिंट काढून पाहा.

प्रश्न: भाचा म्हणतो, खरा फोटो रॉमध्येच येतो. मी चालू केले तर फोटो उलट मळकट आले.

मळकटच येणार. दाणे कमी करणे, कडा धारदार करणे, रंग भरणे ही रोजची कामे रॉमध्ये फोन तुमच्यावर सोडतो. त्या बदल्यात वाव मिळतो. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांच्या रॉमध्ये १०२४. हळदीच्या मांडवात पिवळ्या दिव्याखाली सगळे चेहरे नारिंगी झाले, तर जेपेगमधला पिवळेपणा काढता काढता कातडीचा रंग करडा होतो. रॉमध्ये दिव्याचा रंग नंतर ठरवता येतो. मात्र साध्या रॉमध्ये एकच फ्रेम असते, त्यामुळे रात्री दाणे जास्त दिसतात. काही कंपन्यांच्या खास रॉमध्ये अनेक फ्रेम आधीच जोडलेल्या असतात, पण फाइली जड: आयफोनच्या प्रोरॉला १२ मेगापिक्सेलला सुमारे २५ एमबी, ४८ ला सुमारे ७५.

भाचा स्वतः बसून फोटो सुधारून देणार असेल तर दोन-चार महत्त्वाचे फोटो RAW+JPEG वर काढा. नसेल, तर बंद करा. अल्बमवाला रॉची .dng फाइल घेतो का, हे त्यालाच आधी विचारा.

प्रश्न: आता सेटिंग बदलले तर जुने फोटो सुधारतील का?

नाही.

प्रश्न: एचडीआर, रॉ, रिझोल्यूशन सगळे बदलून पाहिले, तरी दिव्याभोवती पांढरट झाक येते. पावसाळ्यापासून असेच आहे.

पावसाळ्यापासून! आधी भिंग मऊ सुती कापडाने पुसा. बहुतेकदा बोटाचा तेलकट डाग असतो. पुसूनही झाक राहिली, तर टॉर्च तिरपा धरून काचेच्या आत पाहा. आत धुके किंवा थेंब दिसले तर ती ओल आहे, आणि कोणतेही सेटिंग ती काढणार नाही. फोन तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर लावू नका. फोटोंची प्रत दुसरीकडे काढून ठेवा आणि उद्याच सेवा केंद्रात जा. पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत बसतो का, हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारून घ्या.