कांद्याला पाण्याचा हबका

"आई, आजी रश्श्यासाठी कांदा पाऊण तास परतत बसते आणि मधेच त्यावर पाण्याचा हबका मारते. मी केला तर दहा मिनिटांत करपतो. गॅस नेमका किती ठेवायचा, आणि पाणी कशाला?"

प्रिय सई,

मस्कतला आल्यावर पहिल्याच वर्षी मीही हाच कांदा करपवला होता. पाहुणे यायचे होते, म्हणून गॅस मोठा केला. कडा काळ्या झाल्या, मधला कांदा पांढराच राहिला आणि तसाच तो मटणात गेला. टोमॅटो घातला, गूळ घातला, तरी कडवटपणा गेला नाही. तेव्हा बेळगावात शहापूरच्या घरी आजीला फोन लावला. "काय करूलीस गे, एवढी घाई?" एवढंच ती आधी म्हणाली. मग जे सांगितलं, तेच तुला लिहितेय.

कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणीच असतं. ते आहे तोवर कांदा पाण्याच्या उकळीपेक्षा फारसा तापत नाही, म्हणजे नुसता शिजतो. तांबूस रंग चढतो तो पाणी उडाल्यावर. मोठ्या आचेवर कडांचं पाणी आधी उडतं आणि त्या जळतात, आत मात्र कच्चाच. वेळ लागतो तो पाणी सगळीकडून सारखं उडावं म्हणून.

अर्धा किलो कांदा घे, मध्यम आकाराचे पाच-सहा भरतील. गणपत गल्लीच्या बाजारात आजी ज्याला कानडीत 'उळ्ळागड्डी' म्हणून भाव विचारते, तोच लाल कांदा चालेल, फक्त सुका बघून घे. नवा ओला कांदा असला तर दहा मिनिटं जास्त लागतात. उभा आणि एकसारखा चीर, कारण बारीक काप आधी करपतात. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात तीन मोठे चमचे तेल, त्यात कांदा आणि अर्धा लहान चमचा मीठ. मिठाने पाणी लवकर सुटतं.

पहिली आठ-दहा मिनिटं गॅस मध्यम. कांदा मऊ, काचेसारखा होईल. मग गॅस बारीक कर, इतका की ज्योत बुडाच्या मध्यापुरतीच राहील. इथून पुढे कान दे. हलकी चिरचिर ऐकू येत असेल तर आच बरोबर आहे. तडतड वाढली तर जास्त झाली, आणि आवाजच नसेल तर कांदा नुसता वाफेवर बसलाय. दोन-तीन मिनिटांनी एकदा परत. सारखा ढवळलास तर रंग चढत नाही.

विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला कांदा पिवळसर होतो आणि बुडाला मधाच्या रंगाचा चिकट थर धरू लागतो. त्यातच खरी चव असते, सई. तो तसाच ठेवलास तर चार-पाच मिनिटांत काळा होईल, म्हणून त्याआधीच पाण्याचा हबका मारायचा. दोन मोठे चमचे पाणी थेट त्या थरावर टाक. 'चर्र' होईल, बूड क्षणभर थंड होईल, थर सुटेल. लाकडी उलथन्याने तो खरवडून कांद्यात मिसळ. पाणी उडालं की पुन्हा थर धरतो, पुन्हा हबका. शेवटच्या वीस मिनिटांत असे चार-पाच हबके होतात, दर वेळी रंग एक छटा गडद. पाणी मात्र जास्त ओतू नकोस, नाहीतर कांदा परत शिजायला लागतो आणि दहा मिनिटं वाया जातात.

थर काळा झाला असेल तर पाणी घालून खरवडू नकोस, सगळा कडूपणा कांद्यात उतरेल. वरचा चांगला कांदा दुसऱ्या भांड्यात काढ आणि पुढचं तिथे कर. सोडा घातला की रंग लवकर येतो खरा, पण कांद्याचा लगदा होतो आणि साबणासारखी चव लागते. मी एकदा केलंय, पुन्हा नाही.

एकूण चाळीस ते पन्नास मिनिटांत कांदा गडद गुळाच्या रंगाचा होईल, एक वाटीभर उरेल आणि कडेने तेल सुटेल. आता आलं-लसूण घाल, मग मसाला. हा कांदा गोड असतो, तेव्हा रश्श्यात वेगळा गूळ घालू नकोस, आंबटपणा थोडा वाढव. कांदा-खोबऱ्याच्या वाटणासाठी आजी जाळावर भाजते तो कांदा वेगळा. तिथे वरची साल काळी झाली तरी चालते, कारण ती सोलून टाकतो.

रविवारी आजीच्या शेजारी उभी राहून एकदा कर. तिचा तिसरा हबका पडला की बुडाचा रंग बघून घे, आणि मला फोटो पाठव.

तुझी,
आई