कुकीत माझं नाव-नंबर असतं का?

"सीताबर्डीतल्या एका दुकानाच्या साइटवर कूलर पाहिला, आता बातम्यांच्या साइटवरही त्याचीच जाहिरात. कुकीत माझं नाव-नंबर असतं का?"

सहसा नसतं. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद; तिच्यात बहुतेकदा एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो आणि तुम्ही काय पाहिलं याची नोंद जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवर राहते. मी साइट बनवतो, त्यामुळे हे रोज पाहतो. दुकानाची स्वतःची कुकी लॉगिन, कार्ट सांभाळते आणि त्याच साइटला परत जाते. माग काढते ती थर्ड-पार्टी कुकी: जाहिरात कंपनीचा कोड दोन्ही पानांत असतो, म्हणून ब्राउझर त्या कंपनीला दोन्हीकडून तोच क्रमांक पाठवतो. क्रोममध्ये F12 दाबून Application, मग Cookies उघडा. Domain रकान्यात साइटऐवजी भलतंच नाव दिसलं, तर बहुधा तीच. सेटिंग्जमधून ती बंद करता येते. मात्र दोन्हीकडे एकाच ईमेलने लॉगिन असेल, तर कुकीशिवायही माग लागू शकतो.