लाइव्ह आरतीचा अभ्यास: नमुना कसा घ्यावा आणि चॅटमधलं काय वापरावं

प्रश्न: एम.ए. समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी एका मोठ्या गणपती मंदिराच्या यूट्यूबवरच्या लाइव्ह आरतीचा आणि ती बघणाऱ्या भाविकांचा अभ्यास करायचा आहे. नमुना कसा निवडू? चॅटमधले मेसेज सगळ्यांना दिसतातच, मग ते वापरायला परवानगी लागते का?

उत्तर:

आधी एकक ठरवा, म्हणजे नेमकं काय मोजायचं ते, नमुन्याचं नंतर बघू. अशा प्रबंधांची गाडी बहुतेक वेळा इथेच रुळावरून घसरते. चॅटमधले मेसेज आयते मिळतात म्हणून मेसेज मोजले जातात आणि निष्कर्ष मात्र 'भाविकांबद्दल' काढला जातो. पण आरती बघणाऱ्यांतले थोडेच लोक काही लिहितात. शिवाय यूट्यूबच्या आकड्यात जो 'एक' प्रेक्षक दिसतो, तो प्रत्यक्षात टीव्हीसमोर हात जोडून बसलेलं पाच जणांचं कुटुंबही असू शकतो. माझ्या मते तुमचं एकक 'एक आरती' हे असावं, म्हणजे प्रक्षेपण सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचा एक विधी. माणसांचा नमुना त्याहून वेगळा, वेगळ्या वाटेने घ्यायचा. दोन्ही नमुने एकमेकांत मिसळू नका.

आरत्यांची यादी मागे जाऊन करू नका. बरेच चॅनल जुनी प्रक्षेपणं काढून टाकतात किंवा खासगी करतात, आणि मागे उरतात ती उत्सवाची, गर्दीची, फुलांच्या सजावटीची. त्यावरून नमुना काढला तर रोजची साधी आरती अभ्यासातून गायबच होते. चोवीस तास चालणाऱ्या दर्शनाची अडचण आणखी वेगळी आहे: बारा तासांहून लांब प्रक्षेपणाची नोंद यूट्यूब आपोआप साठवत नाही. त्यामुळे एक तारीख ठरवून तिथून पुढचे तीन महिने रोज वही ठेवा. तारीख, वार, तिथी, सकाळची की संध्याकाळची, सुरू कधी झाली, बंद कधी झाली, प्रक्षेपण मध्ये तुटलं का, एवढं पुरे. यूट्यूबच्या शोधावर विसंबू नका. त्यात एकच आरती पुन्हा चढवणारे भलतेच चॅनल येतात आणि तुम्हाला दिसणारा क्रम दुसऱ्याला दिसत नाही. मंदिराच्या अधिकृत चॅनलच्या पानावरूनच यादी भरा.

आता निवड. माध्यमांच्या अभ्यासात सोमवार ते रविवार सारखे धरून आठवडा रचायची पद्धत आहे, ती इथे चालत नाही. मंदिराचा काळ पंचांगावर चालतो. शिर्डीला गुरुवार वेगळा, पंढरपूरला एकादशी वेगळी, तसे गणपतीला मंगळवार, संकष्टी आणि विनायकी हे दिवस वेगळे. तुमच्या 13 आठवड्यांत, म्हणजे 91 दिवसांत, 13 मंगळवार येतील. साधारण 3 संकष्ट्या आणि 3 विनायकी येतील, आणि त्यांतली एकही मंगळवारी नाही असं धरलं तर उरलेले 72 दिवस साधे. (मंगळवारी संकष्टी आली तर ती अंगारकी. तिला स्वतंत्र गट द्या, नेहमीच्या संकष्टीत टाकू नका.) संकष्ट्या आणि विनायकी सगळ्या घ्या, मंगळवारांतून 4 आणि साध्या दिवसांतून 8 चिठ्ठ्या टाकून काढा. एकूण 18 दिवस झाले. दिवसाला दोन आरत्या धरल्या तर 36 आरत्या, एकट्या माणसाला झेपेल एवढं काम आहे. तिथी कोणत्या पंचांगाने धरायची हा वाद टाळायचा तर मंदिर जे पंचांग मानतं तेच घ्या.

अशा नमुन्यात साध्या दिवसांना मुद्दाम कमी जागा मिळालेली असते, म्हणून सरासरी काढताना भार द्यावाच लागतो. समजा, एका आरतीला साध्या दिवशी 200 मेसेज येतात, मंगळवारी 600, संकष्टीला 3000 आणि विनायकीला 500. नमुन्यातल्या 18 दिवसांची सरळ सरासरी काढलीत तर आरतीमागे सुमारे 806 मेसेज दिसतील. तेच आकडे 72, 13, 3 आणि 3 या खऱ्या दिवसांनी गुणून 91 ने भागले की उत्तर येतं सुमारे 359. पहिला आकडा प्रबंधात गेला तर मंदिराची रोजची डिजिटल वर्दळ तुम्ही दुपटीहून जास्त फुगवून दाखवलीत, आणि परीक्षकाने नेमकं तेच विचारलं की उत्तर नसेल. संकष्टीला आणखी एक सांभाळा. त्या दिवशी सगळं चंद्रोदयावर अवलंबून असतं, त्यामुळे नेहमीच्या वेळेला नोंद थांबवलीत तर मुख्य भागच हातचा जाईल.

एकाच वेळी किती जण बघत आहेत हा आकडा प्रक्षेपण चालू असतानाच मिळतो, नंतर नाही. तो यूट्यूबच्या एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून माहिती मागवायच्या सोयीने, दर मिनिटाला असा घेता येतो:

```
GET https://www.googleapis.com/youtube/v3/videos?part=liveStreamingDetails&id=VIDEO_ID&key=API_KEY
```

उत्तरात `concurrentViewers` हा आकडा असतो. चॅनलने प्रेक्षकसंख्या लपवली असेल तर तो येतच नाही, तेव्हा तिथे शून्य न लिहिता 'नोंद नाही' असंच लिहा. अशा एका विचारणीला कोट्यातलं 1 एकक लागतं आणि रोजचा नेहमीचा कोटा 10,000 एककांचा आहे, म्हणजे पाऊण तासाच्या आरतीला अडचण नाही. पहाटेच्या आरतीचे आकडे वाचताना घड्याळ ध्यानात ठेवा. आपल्याकडे पहाटे 5.30 असतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे रात्रीचे 8 वाजलेले असतात. त्यामुळे पहाटेची आरती तिकडच्या मराठी घरांना संध्याकाळच्या दिवेलागणीला सापडते, आणि त्या वेळचा प्रेक्षक केवळ 'पहाटे उठणारा भाविक' म्हणून मोजता येत नाही.

चॅट वाचताना दोन गोष्टी हमखास चुकतात. यूट्यूब सुरुवातीला 'टॉप चॅट' दाखवतं, त्यात मेसेज गाळलेले असतात. ते बदलून सगळ्या मेसेजचं 'लाइव्ह चॅट' लावा. दुसरं म्हणजे चित्र प्रेक्षकापर्यंत काही सेकंद ते अर्धा मिनिट उशिरा पोहोचतं. कॅमेरा आरतीच्या तबकावरून मूर्तीच्या मुखावर गेला की 'मोरया'ची जी लाट चॅटमध्ये उठते, ती घड्याळात पुढच्या क्षणावर पडलेली दिसते. प्रत्येक आरतीत अशी एक ठळक जागा धरून किती सेकंदांचा फरक पडतो ते मोजा आणि मगच विधीचा कोणता भाग कोणत्या मेसेजशी जुळतो ते बघा.

एकच बाई 'श्री गणेशाय नमः' चाळीस वेळा टाकते तेव्हा आकडेवारीचं सॉफ्टवेअर त्याला कचरा समजून एक मेसेज ठेवतं आणि एकोणचाळीस उडवतं. तुमच्या दृष्टीने ते नामस्मरण आहे, कदाचित अख्ख्या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची कृती. म्हणून मेसेजची संख्या आणि लिहिणाऱ्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या असे दोन स्तंभ ठेवा. चॅनलचे नियंत्रक आणि यूट्यूबची गाळणी असा मजकूर मध्येच काढूनही टाकतात, तेव्हा आरतीनंतर दिसणारं चॅट म्हणजे पूर्ण चॅट नव्हे.

जुनी प्रक्षेपणं तुलनेला घेणार असाल तर मंदिरं बंद असण्याचा काळ वेगळा काढा: मार्च 2020 ते 16 नोव्हेंबर 2020, आणि पुन्हा एप्रिल 2021 ते 7 ऑक्टोबर 2021. तेव्हा लोकांना दुसरा मार्गच नव्हता. आजचा प्रेक्षक रांगेऐवजी पडदा निवडतो किंवा दोन्ही करतो.

माणसांचा नमुना चॅटमधून उचलू नका, नाहीतर बोलके तेवढे सापडतील. वीस-पंचवीस मुलाखती करायच्या असतील तर निम्मे जण कधीही चॅटमध्ये न लिहिणारे असावेत. ते भेटतात ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळात, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात, आणि मंदिराच्या रांगेतही, कारण प्रत्यक्ष जाणारे आणि ऑनलाइन बघणारे हे दोन वेगळे गट नाहीत. 'ऑनलाइन आरती बघता का' एवढंच विचारू नका. फोन कुठे ठेवता, देवघरात की जेवणाच्या टेबलावर? चपला काढता का? घरचं निरांजन त्याच वेळी ओवाळता का? मध्येच नेट गेलं तर आरती पुरी झाली असं धरता का? नुसतं बघणं आणि विधीत भाग घेणं यांतला फरक याच उत्तरांत सापडेल.

आता परवानगीचं. मजकूर सगळ्यांना दिसतो म्हणजे तो छापायला दिला आहे असं होत नाही. चॅटमध्ये लोक 'उद्या आईचं ऑपरेशन आहे, बाप्पा सांभाळ' असं स्वतःच्या नावाने लिहितात. ऑनलाइन संकल्पात नाव आणि गोत्र देतात, म्हणजे जातीचा अंदाजही त्यातून बाहेर पडतो. लिहिणाऱ्याने ते बाप्पाला लिहिलेलं असतं, तुमच्या प्रबंधाच्या वाचकाला नव्हे. भारताचा 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही, आणि धार्मिक माहितीचा वेगळा संवेदनशील वर्गही त्यात नाही. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात तो आहे. कायद्याने वाट मोकळी आहे म्हणून विद्यापीठाच्या नैतिकता समितीला वगळू नका, आणि जीडीपीआरचाच कडक निकष सगळ्यांना लावा असं मी म्हणेन.

प्रत्यक्षात रेघ अशी ओढा. मेसेजची संख्या, त्यांचे प्रकार, त्यांची वेळ हे वैयक्तिक संमतीशिवाय चालेल. 'मोरया'सारखं सर्वांच्या तोंडी असलेलं वाक्य जसंच्या तसं देता येईल. आजार, पैसा, नवस, घरातलं भांडण, गोत्र यांतलं काही असेल तर मजकूर बदलून सांगा किंवा त्या व्यक्तीची संमती घ्या. मंदिराचं नाव, आरतीची तारीख आणि शब्दशः मेसेज हे तिन्ही एकत्र कधीच देऊ नका, कारण चॅटची नोंद उघडली की दोन मिनिटांत माणूस सापडतो. इंग्रजीत भाषांतर केल्याने फार लपत नाही. खात्यावरून अठराखालचं मूल वाटलं तर तो मजकूर सोडून द्या. व्हॉट्सअ‍ॅपचा भक्तमंडळ गट तर खासगीच धरा, तिथे अ‍ॅडमिनचा होकार म्हणजे सदस्यांचा होकार नाही.

ट्रस्टची परवानगी घ्या, पण ती दार उघडण्यापुरतीच, भाविकांच्या वतीने ट्रस्ट संमती देऊ शकत नाही. 'छापण्याआधी आम्हाला दाखवून मंजूर करून घ्या' अशी अट असेल तर सही करू नका. आणि यूट्यूबचे स्वतःचे नियम आहेत: परवानगीविना यंत्राने मजकूर उपसायला मनाई आहे, आणि एपीआयने घेतलेली माहिती 30 दिवसांत ताजी करावी किंवा पुसावी लागते. तीन महिन्यांच्या अभ्यासाला हे अडचणीचं ठरतं. म्हणून संस्थेमार्फत यूट्यूबच्या संशोधकांसाठीच्या कार्यक्रमात आधीच अर्ज करा, किंवा चॅट डोळ्यांनी बघत हाताने नोंदी घ्या. 36 आरत्यांना तेही जमतं, आणि लाट कशी उठते ते अशा नोंदींतच नीट कळतं.

तुम्ही स्वतः चॅटमध्ये काही लिहावं का? लिहायचं असेल तर खऱ्या नावाच्या खात्यावरून लिहा आणि खात्याच्या माहितीत संशोधनाचा उल्लेख करा. बनावट खातं काढू नका. आरती चालू असताना कुणाला प्रश्न विचारू नका, मुलाखतीचं आमंत्रण टाकू नका. ते ट्रस्टला विनंती करून व्हिडिओखालच्या माहितीत घाला.