कस्टमर केअर मागते तो नंबर मेनूत कुठे असतो?

रिचार्ज केला तरी चॅनेल लागत नाहीत. फोन केला तर ग्राहक क्रमांक सांगा, बॉक्सचा सिरीयल नंबर सांगा, असे म्हणतात. मेनू उघडला तर आकडेच आकडे. त्यातले नेमके कुठले वाचायचे?
— एक वाचक, पेडणे

आधी हातात रिमोट कुठला आहे ते बघा. टीव्हीचा आणि बॉक्सचा असे दोन्ही रिमोट शेजारी पडलेले असतात, आणि Menu किंवा Home हे बटण दोन्हींवर असते. टीव्हीच्या रिमोटने माहितीचे पान उघडले तर तिथेही Serial No. दिसतो, पण तो टीव्हीचा. तो सांगितला की पलीकडचा माणूस म्हणतो, 'असा नंबर आमच्याकडे नाही', आणि घरातल्यांना वाटते की खातेच बंद पडले. पानावर टीव्ही कंपनीचे नाव दिसले तर तुम्ही चुकीच्या मेनूत आहात.

बॉक्सच्या रिमोटवरचे Menu किंवा Home दाबून Settings किंवा My Account मध्ये जा. आत System Information, STB Info, Smart Card Info अशा नावाचे पान मिळेल. कंपनी बदलली की नाव बदलते, एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या बॉक्समध्येही फरक असतो, म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा Info हा शब्द शोधा. नुसती माहिती दाखवणारे पान सहसा पिन मागत नाही. पिन मागितला तर तुम्ही बहुधा इन्स्टॉलेशनच्या पानावर पोचला आहात, तिथून मागे या. Factory Reset तिथेच असते. ते दाबून नंबर काही बदलत नाही, पण चॅनेल पुन्हा शोधत बसावे लागते.

आता आकडे. Subscriber ID किंवा Customer ID म्हणजे तुमचे खाते. VC No. किंवा Smart Card No. म्हणजे बॉक्समध्ये घातलेले कार्ड. STB No. किंवा Serial No. म्हणजे तो बॉक्स. ज्या आकड्यांमध्ये टिंबे आहेत, ती बहुतेक सॉफ्टवेअरची आवृत्ती असते, ती सोडून द्या.

ग्राहक क्रमांक अंकांवरूनही ओळखता येतो. टाटा प्लेचा Subscriber ID १० अंकी असतो आणि १ ने सुरू होतो. एअरटेलचा Customer ID सुद्धा १० अंकी, पण ३ ने सुरू होणारा. डिश टीव्हीमध्ये व्हीसी नंबर हीच ग्राहकाची ओळख. तो ११ अंकी, सुरुवातीला शून्य. फोनवर हे पहिले शून्य पुष्कळ जण गाळतात आणि १० अंकच सांगतात, मग खाते उघडत नाही. शून्यासकट सांगा. डीडी फ्री डिशला मासिक वर्गणी नाही, म्हणून तिथे असा ग्राहक क्रमांकही नाही. फ्री डिशचा रिचार्ज करून देतो असे कोणी म्हणाले तर पैसे देऊ नका.

एक चांगली गोष्ट अशी की हे पान बॉक्स स्वतःच काढून दाखवतो, आकाशातून काही यावे लागत नाही. धो धो पावसात सिग्नल गेलेला असला तरी ते उघडते. वाचत बसण्यापेक्षा मोबाईलने फोटो काढा. फ्लॅश बंद ठेवा. फोटोत पट्टे आले तर दोन पावले मागे सरून पुन्हा काढा. सिरीयल नंबरमध्ये अक्षरेही असू शकतात, आणि B व 8, O व 0 यांची गल्लत टीव्हीच्या पडद्यावर सहज होते. शंका वाटली तर बॉक्सच्या खालच्या लेबलाशी ताडून बघा.

जूनमध्ये वीज पडून माडीवरचा बॉक्स जळाला. ओळखीच्या माणसाने त्याच कंपनीचा जुना बॉक्स आणून त्यात आमचे कार्ड घातले. आता चवथीला पाहुणे येणार म्हणून दोन्ही टीव्ही रिचार्ज केले. खालचा चालतो. माडीवर सगळ्या चॅनेलांवर 'सबस्क्राइब केलेले नाही' असे येते. कंपनी म्हणते रिचार्ज चालू आहे. मग बंद काय आहे?
— एक वाचक, म्हापसा

तुम्ही दोन्ही मेनूंचे फोटो जोडलेत हे फार बरे केलेत, उत्तर त्यातच आहे. माडीवरच्या पानावर कार्डाचा नंबर ४४१७ ने संपतो. रिचार्जच्या मेसेजमध्येही शेवटचे अंक ४४१७. म्हणजे पैसे योग्य ठिकाणी गेले, कंपनी खोटे बोलत नाही. आता त्याच पानावरचा बॉक्सचा नंबर बघा, तो ९०६२ ने संपतो. जळालेल्या बॉक्सच्या लेबलाचा जो फोटो पाठवलात, त्यावर ३५८१ आहे. कंपनीच्या दप्तरी तुमच्या कार्डासमोर अजून ३५८१ च लिहिलेला असणार.

कार्ड आणि बॉक्स यांची कंपनी जोडी लावते, त्याला पेअरिंग म्हणतात. चॅनेल उघडण्याची परवानगी उपग्रहावरून येते ती अमुक कार्डासाठी, आणि ते कार्ड अमुक बॉक्समध्ये असेल तरच ती लागू होते. चोरीचे कार्ड दुसरीकडे चालू नये म्हणून ही सोय आहे. तुमच्या माणसाने कार्ड बरोबर घातले, पण जोडी बदलून घ्यायची राहिली. कस्टमर केअरला नुसता ग्राहक क्रमांक दिला तर त्यांना रिचार्ज चालू दिसतो आणि तेवढेच ते सांगतात. बॉक्सचा नंबर मागतात तो या गोष्टीसाठी, आणि तो मेनूतूनच वाचायला हवा, जुन्या पावतीवरून नव्हे. पावतीवरचा वाचला असता तर त्यांच्या नोंदीशी तंतोतंत जुळला असता आणि बिघाड कधीच सापडला नसता.

फोनवर असे सांगा: 'बॉक्स बदललाय. कार्ड ४४१७ वाले आहे, तुमच्याकडे बॉक्स ३५८१ असेल, आता ९०६२ लावलाय. पेअरिंग करून द्या.' पूर्ण नंबर ते विचारतील तेव्हा फोटोवरून वाचा. त्यांनी सिग्नल पाठवला की माडीवरचा बॉक्स चालू ठेवून एखाद्या चॅनेलवर राहू द्या. बॉक्स बंद असेल, किंवा पावसाने सिग्नलच नसेल, तर पाठवलेली परवानगी त्याच्यापर्यंत पोचत नाही. तसे झाले तर पाऊस ओसरल्यावर पुन्हा रिफ्रेश मागा.

एक अडचण येऊ शकते. ९०६२ चा बॉक्स कोणा दुसऱ्याच्या खात्यावर नोंदलेला असेल तर तिथून मोकळा झाल्याशिवाय कंपनी तो तुम्हाला जोडून देणार नाही. काही योजनांत बॉक्सची मालकीच कंपनीकडे असते. आणून देणाऱ्याला आजच विचारा की तो कोणाच्या घरातला. उत्तर नीट मिळाले नाही तर कंपनीकडून बॉक्स बदलून घ्या. चवथीच्या आदल्या दिवशी यासाठी धावपळ करू नका, तंत्रज्ञ तेव्हा मिळत नाहीत.

मेनूत बॉक्सचा नंबर दिसतो, पण कार्डाच्या जागी नुसती शून्ये आहेत.
— एक वाचक, वाळपई

बॉक्सला कार्ड वाचता येत नाहीये. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कार्डावरचा सोनेरी भाग काळवंडतो, किंवा झाडलोट करताना कार्ड जरासे बाहेर सरकते. बॉक्स मुख्य बटणावरून बंद करा, कार्ड काढा, सोनेरी भाग कोरड्या मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. पाणी, सॅनिटायझर काही लावू नका. खाचेजवळ चिप कोणत्या बाजूला हवी याची खूण असते, तसे कार्ड आत जाईल तितके ढकला आणि बॉक्स चालू करा. नंबर आला तर काम झाले. शून्ये तशीच राहिली तर कार्डावर छापलेला नंबर सांगून 'कार्ड वाचले जात नाही' अशी तक्रार नोंदवा. रिफ्रेश मागून इथे उपयोग नाही, कारण परवानगी घ्यायला कार्डच हजर नाही.

तुमच्या बॉक्सला कार्डाची खाचच नसेल तर तो बिनकार्डाचा बॉक्स आहे. त्यात ओळख आतल्या चिपमध्ये असते, मेनूत Chip ID किंवा तशा नावाने दिसते. तिथे शून्ये दिसली तर दोष बॉक्सचाच असण्याची शक्यता जास्त, घरी त्यावर इलाज नाही.

आमच्याकडे केबल आहे. मेनूत ग्राहक क्रमांक कुठेच नाही.
— एक वाचक, फोंडा

केबलच्या बऱ्याच बॉक्समध्ये तो नसतोच. ग्राहक क्रमांक बिलावर किंवा पैसे भरल्याच्या मेसेजमध्ये बघा. मेनूतला STB No. आणि VC No. असेल तर तो, हे दोन नंबर केबलवाल्याला पाठवा. त्याला तेवढे पुरतात.

डिशचे खाते मुलाच्या नावावर आहे, तो जहाजावर आहे. ओटीपी त्याच्या इथल्या नंबरवर जातो आणि तो नंबर बंद असतो. मी फोन केला की मशीन म्हणते, नोंदवलेल्या नंबरवरून फोन करा. मी एकटी आहे, काय करू?
— एक वाचक, मडगाव

मावशी, मशीन बोलते तेव्हा फोन ठेवू नका. बहुतेक ठिकाणी पुढे ग्राहक क्रमांक दाबण्याचा पर्याय येतो. मेनूत पाहून तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आणि खाली बॉक्सचा नंबरही. माणूस फोनवर आला की 'खाते मुलाच्या नावावर, तो जहाजावर, बॉक्स माझ्यासमोर आहे' असे सांगून दोन्ही नंबर वाचा. रिफ्रेश, सिग्नलची तक्रार, तंत्रज्ञाला बोलावणे ही कामे एवढ्यावर होऊ शकतात. तक्रारीचा क्रमांक मागून त्याच कागदावर लिहा.

मोबाईल नंबर बदलणे मात्र निराळे. त्यासाठी खातेदाराची खातरजमा करतात आणि ती करायलाच हवी. मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याकडून तुमचा नंबर खात्यावर चढवून घ्या.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. बॉक्ससोबत आलेल्या कागदावर किंवा कंपनीच्या ॲपवर असतो तोच लावा, काही बॉक्समध्ये तर मेनूतल्या माहितीच्या पानावरही असतो. शोधून मिळालेल्या नंबरांत ठगांचे नंबर असतात. ग्राहक क्रमांक आणि बॉक्सचा नंबर सांगायला हरकत नाही, त्याने कोणी बँकेतून पैसे काढू शकत नाही. पण रिफ्रेश करण्यासाठी एखादे ॲप घ्यायला सांगितले, एक रुपया पाठवायला सांगितले किंवा यूपीआय पिन विचारला, तर बोलणे तिथेच तोडा. बॉक्स चालू करायला यातले काहीच लागत नाही.