“खूप छळतात” एवढं लिहून भागत नाही

“मॅडम, सर सगळ्या स्टाफसमोर ‘तुझ्यासारख्याला आर्टिकलशिप कोणी दिली?’ म्हणतात. रात्री दहापर्यंत थांबवतात. तक्रार केली तर फॉर्मवर सही मिळणार नाही. काय करू?”

टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबरची मुदत जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या सीए ऑफिसांत आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला हेच विचारत येतात. त्यांतला एक चोपड्याहून एसटीने ये-जा करणारा. ओळख पुसण्यासाठी तपशील थोडे बदलले आहेत.

तो वही घेऊनच आला होता. पानोपानी “आजही खूप छळलं”, “मी मठ्ठच आहे.”

“नेमकं काय बोलले? किती वाजता? समोर कोण होतं?”

त्याला सांगता येईना. म्हणून रकाने आखून दिले: तारीख-वेळ, जसेच्या तसे शब्द, हजर असलेले, आणि त्याच्या आधी काय घडलं. नोंद त्याच रात्री करायची. स्वतःची चूक असेल तर तीही लिहायची, कारण एकतर्फी नोंदीवर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

पुढच्या भेटीत शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “एकदा टीडीएस जुळवताना माझं चुकलं होतं. बाकी प्रत्येक वेळी मी फक्त शंका विचारली होती.”

“मग मठ्ठ हे कुठल्या रकान्यात बसतं?”

तो हसला. माझ्या मते समुपदेशनाचं निम्मं काम इथेच होतं: घडलेलं आणि आपण त्याचा लावलेला अर्थ वेगळे होतात, आणि पहिलंच तेवढं कागदावर उरतं.

मग तास. आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या नियमांत आठवड्याला 35 तास धरलेले आहेत, जेवणाची सुट्टी वगळून. त्याची बेरीज 58 आली. पुराव्याला एसटीची तिकिटं होती, पण त्यांची शाई उडते म्हणून त्याच दिवशी फोटो काढायला सांगितला. शेवटची गाडी चुकली की तो मित्राच्या खोलीवर झोपायचा. त्या मित्राचं नावही नोंदीत आलं.

सरांचे व्हॉट्सअॅप मेसेज 24 तासांत आपोआप नाहीसे होत. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट लगेच काढून स्वतःच्या ईमेलवर ठेवायचा, ऑफिसच्या संगणकावर नाही. त्यात क्लायंटचं नाव, पॅन किंवा खातेवही येऊ द्यायची नाही. इथेच बरीच मुलं फसतात: रागाच्या भरात फाइलच कॉपी करतात, आणि मग चर्चा छळाची न होता गोपनीयता मोडल्याची होते.

मेल आम्ही दोन ओळींचा केला: “सर, या आठवड्यात माझे 58 तास झाले. जादा तासांची बदली सुट्टी कोणत्या दिवशी घेऊ?” आरोप नाही, विशेषण नाही.

लेखी उत्तर आलं नाही, पण त्या आठवड्यापासून तो सातला सुटू लागला. टोमणे मात्र थांबले नाहीत. आता दुसऱ्या ऑफिसात बदली घेण्यासाठी फॉर्म 109 वर सरांची सही त्याने मेलवरच मागितली आहे. ती नाकारली तर तो नकारही तारखेसह नोंदला जाईल आणि सगळे रकाने आयसीएआयकडच्या अर्जाला जोडले जातील.