अरबीत तीन-चार नामं जोडताना 'अल्' नेमका कुठे लावायचा?

"अरबी शिकायला लागून थोडेच महिने झालेत. 'विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या संचालकाचं कार्यालय' यासाठी मी 'अल्-मक्तबु अल्-मुदीरि अल्-मक्तबति अल्-जामिअति' असं लिहिलं, तर सरांनी तीन ठिकाणी लाल रेघ मारली. यातलं प्रत्येक नाम ठरावीकच आहे ना? आणि यात 'नवं' हे विशेषण घालायचं तर कुठे?"

सरांनी पहिले तीन 'अल्' खोडले असणार. शेवटचा ठेवा, म्हणजे बरोबर रूप हातात येतं: मक्तबु मुदीरि मक्तबति अल्-जामिअति. (उच्चार देवनागरीत ढोबळ लिहितोय. सलग वाचताना 'अल्'मधला 'अ' गळतो आणि 'मक्तबतिल्-जामिअति' असं ऐकू येतं.)

तुमचा अर्थ चुकलेला नाही. चारही नामं ठरावीकच आहेत. फक्त अरबी ते चार वेळा सांगत नाही. ज्या नामानंतर त्याचा 'मालक' येतो त्या नामाला, म्हणजे मुदाफला, 'अल्' लागत नाही आणि शेवटचा 'न्' म्हणजे तन्वीनही लागत नाही. ते ठरावीक आहे की नाही, हे साखळीतलं अगदी शेवटचं नाम ठरवतं. इथे शेवटी 'अल्-जामिअति' आहे, म्हणून ग्रंथालयही ठरावीक, संचालकही आणि कार्यालयही. मराठी इतिहासात भेटणारा 'निजाम-उल्-मुल्क' असाच बनलेला आहे: निजामु + अल्-मुल्क. 'निजाम'ला स्वतःचा 'अल्' नाही, तरी तो कुणी एक निजाम नव्हे.

क्रम मराठीच्या बरोबर उलटा. मराठी शब्दसमूह शेवटाकडून वाचत या, अरबी आपोआप तयार होतं. विभक्तीचंही सोपं आहे: पहिल्या नामाचा शेवटचा स्वर वाक्यातल्या त्याच्या कामाप्रमाणे बदलतो (कर्ता असेल तर मक्तबु, कर्म असेल तर मक्तब, 'फी'सारख्या शब्दयोगीनंतर मक्तबि), आणि त्यापुढची सगळी नामं षष्ठीत, म्हणजे 'इ'कारान्त, राहतात.

आता शेवटचं नाम मोघम केलं तर? 'मक्तबु मुदीरि मक्तबति जामिअतिन'. इथे सगळी साखळीच मोघम होते: कुठल्याशा विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कुणा संचालकाचं एखादं कार्यालय. 'विद्यापीठ ठरावीक, पण कार्यालय त्यांतलं कुठलंतरी एक' असं मिश्रण इदाफात, म्हणजे नामांच्या या साखळीत, बसतच नाही. तसं म्हणायचं असेल तर साखळी तोडून 'चा-ची-चं' या अर्थाचा 'लि' आणावा लागतो: मक्तबुन लि-मुदीरि अल्-जामिअति. एक सापळा मात्र आहे. तन्वीन दिसला की नाम मोघमच, असं समजू नका. 'किताबु ज़ैदिन'मध्ये 'न्' आहे, पण ज़ैद हे विशेषनाम असल्यामुळे ते पुस्तक ठरावीकच आहे. नामाच्या शेवटी सर्वनाम जोडलं तरी तसंच: 'मक्तबतुना', आमचं ग्रंथालय, यालाही 'अल्' नको.

खरी गंमत विशेषणात आहे, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात. मराठीत आपण 'नव्या', 'नवं' हवं तिथे मध्येच खोचतो. अरबीत मुदाफ आणि त्याच्या मालकाच्या मध्ये विशेषण घालायची सोय नाही. ते अख्खी साखळी संपल्यावर येतं आणि ज्या नामाचं असेल त्याच्याशी लिंग, वचन, विभक्ती आणि निश्चितता अशा चारही बाबतींत जुळतं. कार्यालय नवं असेल तर: मक्तबु मुदीरि मक्तबति अल्-जामिअति अल्-जदीदु. इथे 'जदीद'ला 'अल्' लागलाच पाहिजे, कारण 'मक्तबु' वरून उघडाबोडका दिसला तरी आतून ठरावीक आहे. तो 'अल्' गाळलात तर '... अल्-जामिअति जदीदुन' हे पूर्ण वाक्य होऊन बसेल: कार्यालय नवं आहे. तुमच्या सरांनी पहिला 'अल्' खोडण्यामागेही हा धोका आहे. 'अल्-मक्तबु' ऐकलं की ऐकणारा पुढे विधेयाची वाट पाहू लागतो.

तेच विशेषण दुसऱ्या रूपात आणून बघा. 'अल्-जदीदि' म्हटलं तर संचालक नवा, कारण पुल्लिंगी आणि षष्ठीतला तोच एकटा आहे. 'अल्-जदीदति' म्हटलं तर? ग्रंथालय आणि विद्यापीठ दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही षष्ठीत. इथे व्याकरण हात वर करतं. आणि 'फी मक्तबि मुदीरि मक्तबति अल्-जामिअति अल्-जदीदि' असं झालं की 'फी'मुळे कार्यालयही षष्ठीत जातं, मग नवं कार्यालय की नवा संचालक हे स्वरचिन्हं घालूनही कळणार नाही. छापील मजकुरात तर ती चिन्हं बहुधा नसतातच, तेव्हा कर्त्याच्या जागी असतानाही हा घोळ उरतोच.

उपाय एकच: साखळी तोडा. 'अल्-मक्तबु अल्-जदीदु लि-मुदीरि मक्तबति अल्-जामिअति' म्हटलं की नवं काय आहे याबद्दल शंकाच नाही. 'लि' आला की इदाफा तुटतो, म्हणून पहिल्या नामाला 'अल्' चालतो, किंबहुना ते ठरावीक हवं असेल तर लागतोच. माझ्या मते तीनपेक्षा जास्त नामं आणि वर विशेषण असेल, तर नियमात बसत असूनही हीच रचना वापरावी. शुद्ध पण दुर्बोध वाक्याला गुण मिळतात, वाचक मिळत नाहीत.

दर्शक शब्दांचं मात्र वेगळं आहे, त्यांची जागाच अर्थ ठरवते. 'हाधा मक्तबु अल्-मुदीरि' म्हणजे 'हे संचालकाचं कार्यालय आहे', पूर्ण वाक्य. 'संचालकाचं हे कार्यालय' हवं असेल तर 'हाधा' शेवटी: मक्तबु अल्-मुदीरि हाधा. आणि 'या संचालकाचं कार्यालय' हवं असेल तर तो मध्ये येतो: मक्तबु हाधा अल्-मुदीरि. साखळीच्या मध्ये शिरायची मुभा विशेषणाला नाही, ती याला आहे.

पुढे अनेकवचनं येतील तेव्हा आणखी एक लाल रेघ वाट बघत असेल. '-ऊन' आणि '-ईन'ने संपणाऱ्या अनेकवचनांचा, तसंच द्विवचनाचा, शेवटचा 'न' मुदाफ होताना गळतो. 'मुवज़्ज़फून' म्हणजे कर्मचारी, पण विद्यापीठाचे कर्मचारी 'मुवज़्ज़फू अल्-जामिअति'. तेच साखळीच्या मध्ये आले तर षष्ठीमुळे 'ऊ'चा 'ई': मक्तबु मुवज़्ज़फी अल्-जामिअति.

'ग्रंथालयाचे संचालक आणि कर्मचारी' असं म्हणताना दोन मुदाफ शेजारी ठेवून एकच मालक जोडायचा मोह होतो: मुदीरु व मुवज़्ज़फू अल्-मक्तबति. आजच्या वर्तमानपत्रांत हे सर्रास दिसतं, पण परीक्षेत लिहू नका. जुन्या वळणाची आणि सरांना पटणारी रचना अशी: मुदीरु अल्-मक्तबति व मुवज़्ज़फूहा. पहिल्याला मालक दिला, दुसऱ्याला 'तिचे' हे सर्वनाम जोडलं ('मक्तबा' स्त्रीलिंगी म्हणून 'हा'), आणि इथेही 'न' गळलाच.